घरच्या मैदानाचा फायदा कसा मोजावा: प्रेक्षक, प्रवास आणि पंच यांचा हिशेब वेगळा करण्याची रीत

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ च्या हंगामात ३८० सामने झाले. त्यांपैकी १४४ यजमान संघांनी जिंकले, १५३ पाहुण्या संघांनी जिंकले आणि ८३ बरोबरीत सुटले. इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च साखळीत पाहुण्यांचे विजय यजमानांच्या विजयांपेक्षा जास्त भरल्याची ही पहिलीच वेळ होती. महासाथीमुळे त्या हंगामातले जवळजवळ सगळे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवले गेले. संघ प्रवास करून येत होते, यजमान आपल्याच ओळखीच्या गवतावर खेळत होते आणि पंचही तेच होते. गेले होते ते फक्त प्रेक्षक. घरच्या मैदानाचा फायदा कशाकशाने बनतो हे तपासू पाहणाऱ्याला याहून चांगला प्रयोग मुद्दाम मांडून मिळाला नसता. तरीही त्यातून नेमका निष्कर्ष काढणे वाटते तितके सरळ नाही. त्याची पद्धत, पहिल्यांदाच असे काम करणाऱ्यासाठी, मी येथे याच साखळीच्या सात हंगामांवर चालवून दाखवत आहे.

पहिली पायरी: एकच आकडा निवडणे

बहुतेक जण यजमानांच्या विजयांची टक्केवारी काढतात. ती समजायला सोपी असली तरी ५-० आणि १-० या दोन विजयांना ती एकच वजन देते आणि बरोबरीचे काय करायचे हा प्रश्न उघडाच ठेवते. सुरुवात करणाऱ्याने गोलफरक घ्यावा, म्हणजे यजमानांचे गोल वजा पाहुण्यांचे गोल, आणि त्याची हंगामभराची सरासरी काढावी.

ही सरासरी निवडण्यामागे एक भक्कम कारण आहे. प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि प्रत्येक जोडी दोनदा भेटते, एकदा याच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. त्यामुळे बलाढ्य संघ जितक्या वेळा यजमान असतो तितक्याच वेळा पाहुणाही असतो, आणि पूर्ण हंगामाची बेरीज केली की संघांच्या ताकदीतला फरक आपोआप कापला जातो. उरतो तो निव्वळ यजमानपणाचा फायदा. मात्र ही सोय हंगाम पूर्ण असेल तरच मिळते. अर्धा हंगाम किंवा निवडक सामने घेतले की ती नाहीशी होते, आणि पुढे आपल्याला नेमके तेच करावे लागणार आहे.

आकडेवारी football-data.co.uk या संकेतस्थळावर हंगामनिहाय फायलींमध्ये मोफत मिळते. प्रीमियर लीगच्या फाइलचे नाव `E0.csv` असते. त्यात `FTHG` म्हणजे यजमानांचे अंतिम गोल, `FTAG` म्हणजे पाहुण्यांचे, `HY` आणि `AY` म्हणजे दोघांची पिवळी कार्डे, आणि `HF` व `AF` म्हणजे दोघांविरुद्ध दिलेले फाउल.

```python
import pandas as pd
import statsmodels.api as sm

seasons = ["1617","1718","1819","1920","2021","2122","2223"]
url = "https://www.football-data.co.uk/mmz4281/{}/E0.csv"
df = pd.concat(
    [pd.read_csv(url.format(s), encoding="latin-1").assign(season=s)
     for s in seasons], ignore_index=True).dropna(subset=["FTHG"])
df["gd"] = df["FTHG"] - df["FTAG"]
print(df.groupby("season")["gd"].agg(["count", "mean"]))
```

प्रत्येक हंगामापुढे ३८० हा आकडा आला पाहिजे. तो आला नाही तर पुढे जाऊ नये, कारण एखादी रिकामी ओळ किंवा दोनदा वाचली गेलेली फाइल ताकदीचा तोल बिघडवते. सगळे नीट असेल तर उत्तर असे येते:

| हंगाम | यजमानांचे गोल | पाहुण्यांचे गोल | सरासरी गोलफरक |
|---|---|---|---|
| २०१६-१७ | ६०७ | ४५७ | ०.३९ |
| २०१७-१८ | ५८२ | ४३६ | ०.३८ |
| २०१८-१९ | ५९६ | ४७६ | ०.३२ |
| २०१९-२० | ५७६ | ४५८ | ०.३१ |
| २०२०-२१ | ५१४ | ५१० | ०.०१ |
| २०२१-२२ | ५७५ | ४९६ | ०.२१ |
| २०२२-२३ | ६२१ | ४६३ | ०.४२ |

दुसरी पायरी: हंगामाहंगामातला चढउतार किती खरा?

या तक्त्यावर नजर टाकताच मनात गोष्टी रचल्या जाऊ लागतात. २०२१-२२ मध्ये प्रेक्षक परतले, पण फायदा पूर्ण परतला नाही, म्हणजे खेळाडूंना गर्दीची सवय राहिली नव्हती, असे कोणीही सहज म्हणेल. तसे म्हणण्यापूर्वी योगायोगाने हा आकडा किती हलू शकतो हे पाहावे.

संघांची ताकद वजा केल्यावर एका सामन्याच्या गोलफरकाचे प्रमाण विचलन साधारण १.७ गोल असते. ३८० सामन्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी योगायोगाने साधारण किती हलू शकते तो आकडा, म्हणून १.७ भागिले ३८० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.०९ येते. आता प्रेक्षकांसह पूर्ण झालेले पाच हंगाम घ्या: ०.३९, ०.३८, ०.३२, ०.२१ आणि ०.४२. त्यांची सरासरी ०.३४ आहे आणि त्यांचे आपापसातले विचलनही सुमारे ०.०९ आहे. म्हणजे निव्वळ योगायोगाने जेवढा चढउतार अपेक्षित होता, नेमका तेवढाच दिसतो. या पाच हंगामांत घरच्या मैदानाचा फायदा खरोखर बदलला असे दाखवणारा कोणताही पुरावा या तक्त्यात नाही, आणि २०२१-२२ च्या ०.२१ साठी वेगळे स्पष्टीकरण शोधण्याचे कारणही नाही.

२०२०-२१ चे तसे नाही. ०.३४ आणि ०.०१ यांच्यातला फरक ०.३३ आहे. एका बाजूला १९०० सामने आणि दुसऱ्या बाजूला ३८०, म्हणून या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१० येते. फरक तिच्या तिपटीहून जास्त आहे. दोन्ही बाजूंना जवळपास दोन त्रुटी सोडल्या तर खरा फरक ०.१४ ते ०.५२ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. पट्टा रुंद आहे, हे लिहिताना लपवू नये.

येथे एक उलटतपासणी करून घ्यावी. प्रेक्षक असलेल्या पाच हंगामांपैकी एकेकाला आळीपाळीने 'बंद दारांचा हंगाम' असे खोटेच नाव द्यावे आणि बाकीच्या चारांशी त्याची तुलना करावी. सर्वांत मोठा खोटा परिणाम २०२१-२२ चा येतो: बाकीच्या चार हंगामांची सरासरी ०.३८, म्हणजे फरक ०.१७. खरा फरक त्याच्या जवळपास दुप्पट आहे.

संघनिहाय फायदा मात्र या रीतीने काढू नये. लिव्हरपूलचे उदाहरण फार बोलके आहे. अॅनफिल्ड या आपल्या मैदानावर सलग ६८ लीग सामने न हरलेल्या या संघाने २०२०-२१ च्या हंगामात, जानेवारीत, आपली अपराजित मालिका गमावली आणि तो सामना धरून घरी सलग सहा लीग सामने गमावले. 'प्रेक्षक नसले की अॅनफिल्ड काहीच नाही' हे तेव्हा सर्वतोमुखी झाले होते. आता हिशेब पाहा. त्या हंगामात लिव्हरपूलने घरी २९ गोल केले आणि २० खाल्ले, तर बाहेर ३९ केले आणि २२ खाल्ले. घरचा गोलफरक +९, बाहेरचा +१७. दोन्हींची प्रतिसामना सरासरी काढून वजाबाकी केली आणि निम्मी केली की संघाचा फायदा उणे ०.२१ येतो. २०१८-१९ मध्ये हाच आकडा अधिक ०.६१ होता. घसरण प्रचंड दिसते. पण घरी १९ आणि बाहेर १९ सामन्यांवरून काढलेल्या अशा आकड्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.२८ असते आणि दोन हंगामांतल्या फरकाची सुमारे ०.३९. म्हणजे ०.८२ ची घसरण ही त्रुटीच्या जेमतेम दुप्पट आहे, आणि तीसुद्धा वीस संघांतून सर्वांत नाट्यमय संघ मुद्दाम निवडल्यानंतर. वीस संघांत असा एखादा संघ योगायोगानेही सापडतोच.

तिसरी पायरी: रिकामे सामने नेमके ओळखणे

वरचा हिशेब पूर्ण हंगामाचा होता, आणि तो थोडा अशुद्ध आहे. २०१९-२० चा हंगाम मार्चमध्ये थांबला आणि १७ जून २०२० रोजी बंद दारांआड पुन्हा सुरू झाला. त्याचे शेवटचे ९२ सामने रिकाम्या मैदानांवर झाले. उलट २०२०-२१ मध्ये ५ डिसेंबरपासून काही मैदानांवर जास्तीत जास्त दोन हजार प्रेक्षकांना काही काळ प्रवेश होता, आणि मे २०२१ मधल्या शेवटच्या दोन फेऱ्यांत दहा हजारांपर्यंत प्रेक्षक होते. म्हणून हंगामाचे नाव पाहून नव्हे, तारीख पाहून सामने वेगळे करावेत, आणि अर्धवट प्रेक्षकांचा काळ सरळ वगळावा.

तारखांबाबत मी स्वतः फसलो आहे, म्हणून सांगतो. काही फायलींत वर्ष दोन अंकी असते, काहींत चार अंकी. शिवाय आधी दिवस आणि मग महिना असा क्रम असतो. पहिल्या खेपेस मी `dayfirst` लिहायला विसरलो आणि सप्टेंबरमधले कितीतरी सामने इतर महिन्यांत जाऊन बसले. उत्तर आले, आकडे दिसायला ठीक होते, आणि दोन दिवसांनी केवळ एक सामना हाताने तपासल्यामुळे चूक लक्षात आली. तारखा वाचल्यावर प्रत्येक हंगामातली सर्वांत आधीची आणि सर्वांत शेवटची तारीख छापून पाहावी. २०२०-२१ साठी ती १२ सप्टेंबर आणि २३ मे अशी आली पाहिजे.

सामने वगळले की ताकदीचा तोल जातो. तो परत आणण्यासाठी रिग्रेशन वापरावे लागते. त्याची कल्पना साधी आहे: प्रत्येक सामन्याचा गोलफरक म्हणजे यजमान संघाची ताकद, वजा पाहुण्या संघाची ताकद, अधिक यजमानपणाचा फायदा, अधिक मैदान रिकामे असल्यास त्या फायद्यात होणारा बदल. संघांची ताकद दर हंगामाला नव्याने मोजली जाते, कारण त्याच नावाचा संघ पुढच्या वर्षी तसाच राहत नाही.

```python
d = df["Date"] = pd.to_datetime(df["Date"], format="mixed", dayfirst=True)
df["closed"] = d.between("2020-06-17", "2021-05-17").astype(float)
partial = (d.between("2020-12-05", "2020-12-31")
           | d.between("2021-05-18", "2021-05-23"))
m = df[~partial]

h = pd.get_dummies(m["season"] + m["HomeTeam"], dtype=float)
a = pd.get_dummies(m["season"] + m["AwayTeam"], dtype=float)
X = h - a
X["home"] = 1.0
X["closed"] = m["closed"]
fit = sm.OLS(m["gd"], X).fit()
print(fit.params[["home", "closed"]], fit.bse[["home", "closed"]])
```

`home` हा प्रेक्षक असतानाचा फायदा, आणि `closed` हा प्रेक्षक गेल्यावर त्यात पडलेला फरक. तो उणे यायला हवा. या दोघांची बेरीज म्हणजे रिकाम्या मैदानावर उरलेला फायदा. एकाच संघामुळे सगळे उत्तर फिरत नाही ना, हे पाहण्यासाठी एकेका संघाचे सामने काढून तोच हिशेब दर वेळी पुन्हा करावा. लिव्हरपूल काढल्यावर `closed` शून्याकडे धावला असता तर सगळाच युक्तिवाद कोसळला असता.

तारखेच्या आड आणखी एक बदल दडलेला आहे. व्हिडिओ पंच, म्हणजे व्हीएआर, प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० पासून आला. म्हणजे रिकामे सगळे सामने व्हीएआरच्या काळातले आहेत, तर प्रेक्षक असलेले तीन हंगाम त्याआधीचे. फायदा प्रेक्षकांअभावी गेला की व्हीएआरमुळे, असा प्रश्न विचारला गेला तर २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोनच हंगामांशी तुलना करावी, कारण तेव्हा व्हीएआरही होता आणि प्रेक्षकही. त्या ७६० सामन्यांची सरासरी ०.३१ आहे. ०.०१ पासूनचे अंतर अजूनही ०.३० उरते, त्रुटी सुमारे ०.११. व्हीएआरने हे अंतर समजावता येत नाही.

चौथी पायरी: प्रवास

प्रवासाचा प्रश्न हाताळण्याचा सरळ मार्ग म्हणजे दोन मैदानांमधले अंतर मोजून ते रिग्रेशनमध्ये घालणे. न्यूकॅसल ते बोर्नमथ हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ४७० किलोमीटर आहे, तर एव्हर्टनचे तेव्हाचे मैदान गुडिसन पार्क आणि अॅनफिल्ड यांच्यात दोन किलोमीटरही नव्हते. प्रत्येक मैदानाचे अक्षांश-रेखांश हंगामागणिक लिहावेत, संघागणिक नव्हे. टॉटनहॅम २०१७-१८ चा पूर्ण हंगाम वेम्बलीवर खेळला आणि आपल्या नव्या स्टेडियमवर एप्रिल २०१९ मध्ये गेला.

पण हे करण्यापूर्वी, अंतराचा एकही आकडा न वापरता, प्रवासाबद्दल आपल्याला एक मोठी गोष्ट आधीच कळलेली आहे. रिकाम्या हंगामात पाहुणे प्रवास करतच होते. तरीही त्यांचा एकूण तोटा फक्त ०.०१ गोल होता. त्रुटी लक्षात घेतली तर तो जास्तीत जास्त ०.१८ असू शकतो. प्रवासाचा थकवा, मैदानाची ओळख आणि प्रेक्षकांच्या दबावाशिवायही पंचांकडून होणारी कृपा, हे सगळे मिळून एवढ्यातच मावले पाहिजे. ही वरची मर्यादा मला या संपूर्ण अभ्यासातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते, कारण ती फारशी गृहीतके न धरता मिळते.

आता अंतराचे रिग्रेशन. दर १०० किलोमीटरमागे फायदा किती वाढतो हे काढायचे तर या सुमारे २६०० सामन्यांत त्या आकड्याची त्रुटी साधारण ०.०३ येते. म्हणजे खरा परिणाम दर १०० किलोमीटरला ०.०५ असला तरी तो धड दिसणार नाही. पण सरासरी प्रवास २०० किलोमीटर धरला तर तेवढाच परिणाम एकूण ०.१० गोल होतो, जो फायद्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. म्हणून अंतराचा आकडा शून्याजवळ आला तर 'इंग्लंडमध्ये प्रवासाचा परिणाम नाही' असे लिहू नये. 'दर १०० किलोमीटरला अमुक इतक्याहून मोठा परिणाम नाही' असे लिहावे. आणि तीन-चार टाइमझोन ओलांडावे लागणाऱ्या साखळ्यांना इंग्लंडचे उत्तर लावू नये.

उलट, अंतराचा परिणाम दिसलाच, तर तो थकव्याचा आहे असे लगेच समजू नये. मैदान लांब असेल तर पाहुण्या संघाचे समर्थकही कमी येण्याची शक्यता असते. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांसाठी तीन हजार किंवा क्षमतेच्या दहा टक्के, यांतल्या कमी असलेल्या जागा राखल्या जातात, पण दूरच्या सामन्याला त्या भरतीलच असे नाही. अंतर हे अशा वेळी थकव्याचे नव्हे, गर्दीचेच दुसरे माप ठरते. दोन्ही वेगळे करायला अंतर आणि `closed` यांचा गुणाकार रिग्रेशनमध्ये घालावा. अंतराचा परिणाम रिकाम्या मैदानावरही तसाच राहिला तर तो प्रवासाचा, आणि तेथे तो विरला तर तो समर्थकांचा. या गुणाकाराची त्रुटी आणखी मोठी असते, त्यामुळे एकट्या प्रीमियर लीगवर हे उत्तर पक्के होणे कठीण आहे.

थकव्यासाठी विश्रांतीचे दिवस हे अंतरापेक्षा जवळचे माप आहे. ते काढताना नवखे लोक हमखास एक चूक करतात: `E0.csv` मध्ये फक्त लीगचे सामने असतात. मंगळवारी किंवा बुधवारी युरोपीय स्पर्धेत खेळून आलेला संघ त्या फाइलप्रमाणे आठवडाभर विश्रांती घेतलेला दिसतो. हे सामने हाताने जोडल्याशिवाय तो रकाना वापरू नये.

पाचवी पायरी: पंच

येथे 'वेगळे करणे' या शब्दाचा अर्थ नीट ठरवावा लागतो. प्रेक्षक आणि पंच ही दोन स्वतंत्र खाती नाहीत. प्रेक्षकांचा काही परिणाम खेळाडूंवर थेट होतो आणि काही पंचांमार्फत होतो. रिकाम्या मैदानाची तुलना या दोन्हींची बेरीज देते. म्हणून प्रश्न असा विचारावा: प्रेक्षकांच्या एकूण परिणामातला किती भाग पंचांच्या हातून जातो?

पंचांवर आवाजाचा परिणाम होतो याचा पुरावा चांगला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पात्र पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या सामन्यातले ४७ टॅकल दाखवले गेले, काहींना गर्दीच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५.५ टक्के कमी फाउल दिले. आवाजाने पाहुण्यांविरुद्ध फाउल वाढले नाहीत, यजमानांविरुद्धचे कमी झाले, हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. महासाथीच्या काळात १७ देशांतल्या २३ साखळ्यांवर झालेल्या अभ्यासातही प्रेक्षक नसताना पाहुण्यांना प्रतिसामना सुमारे एक तृतीयांश पिवळे कार्ड कमी मिळाल्याचे आढळले.

आपल्या आकड्यांवर हेच पाहायचे तर वरच्या कोडमध्ये `gd` ऐवजी `AY` वजा `HY` घालावे. `home` हा पाहुण्यांना जास्त मिळणाऱ्या कार्डांचा आकडा देईल आणि `closed` त्यात झालेली घट. मात्र `home` वाचून पंच पक्षपाती आहेत असे म्हणता येत नाही. पाहुणा संघ बहुतेक वेळ बचावात असतो, उशिरा टॅकल करतो आणि कार्डे ओढवून घेतो. हे टाळायला अनेक जण फाउलची संख्या हिशेबात घेतात, म्हणजे प्रत्येक फाउलमागे किती कार्डे, हे पाहतात. त्यात नवीच अडचण उभी राहते, कारण फाउल देणे हाही पंचांचाच निर्णय आहे, आणि वरच्या प्रयोगात आवाजाने नेमका तोच बदलला होता. फाउल हिशेबात घेतले की पक्षपाताचा एक भाग आपणच पुसून टाकतो. मी दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहितो आणि खरे उत्तर त्यांच्या मध्ये असावे असे धरतो.

सर्वांत स्वच्छ माप म्हणजे इंज्युरी टाइम, कारण तो किती द्यायचा हे पंच ठरवतो. ९० व्या मिनिटाला यजमान एका गोलाने मागे असतील आणि एका गोलाने पुढे असतील, अशा दोन प्रकारच्या सामन्यांत दिलेल्या मिनिटांची तुलना करावी. स्पेनच्या साखळीवरच्या २००५ मधल्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात यजमान मागे असताना जास्त आणि पुढे असताना कमी वेळ दिला जातो असे दिसले होते. या माहितीसाठी वेगळी आकडेवारी लागते, आणि २०२३-२४ पासून प्रीमियर लीगमध्ये वाया गेलेला वेळ अधिक काटेकोरपणे भरून देण्याचे धोरण आले असल्यामुळे त्यापुढचे हंगाम आधीच्यांत मिसळू नयेत.

कार्डे आणि मिनिटे गोलांत कशी मोजायची? थेट मार्ग पेनल्टीचा आहे. पेनल्टीवर साधारण ७८ टक्के वेळा गोल होतो, म्हणून एका पेनल्टीची किंमत ०.७८ गोल. समजा, तुमच्या मोजणीत असे आले की प्रेक्षक असताना यजमानांना हंगामभरात पाहुण्यांपेक्षा १५ पेनल्टी जास्त मिळतात आणि प्रेक्षक नसताना हा फरक पूर्ण मिटतो. १५ भागिले ३८० म्हणजे प्रतिसामना ०.०४ पेनल्टी, गुणिले ०.७८, म्हणजे ०.०३ गोल. एकूण घट ०.३३ होती. हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे, पण तो दुप्पट केला तरी पेनल्टीच्या वाटेने प्रेक्षकांच्या परिणामाचा पाचवा हिस्साही भरत नाही. लाल कार्डांचे असेच करावे, पण त्यांची किंमत सामन्याची किती मिनिटे उरली आहेत यावर ठरते, म्हणून मिनिट नोंदवल्याशिवाय एक सरसकट किंमत लावू नये.

यानंतर जे उरते त्याला 'प्रेक्षकांचा खेळाडूंवरचा थेट परिणाम' असे नाव द्यायचा मोह होतो. त्या उरलेल्या भागात पंचांचे शेकडो लहान निर्णय, म्हणजे मधल्या भागातल्या फ्री किक, थ्रो-इन, पुढे चालू दिलेला खेळ, हेही आहेत, ज्यांची कोणी गोलांत किंमत लावलेली नसते. २०२०-२१ ची आपली वैशिष्ट्येही आहेत: आधीचा हंगाम २६ जुलैला संपला आणि नवा १२ सप्टेंबरला सुरू झाला, तयारीला वेळ मिळाला नाही आणि सामने दाटीने झाले. म्हणून अहवालात त्याला 'न मोजलेला उर्वरित भाग' असेच म्हणावे.

दुसऱ्या बाजूने पडताळा

बंद दारांचा हंगाम प्रवास ठेवतो आणि प्रेक्षक काढतो. त्याच्या बरोबर उलट परिस्थिती इटलीत सापडते. मिलानचे दोन्ही संघ सॅन सिरोवर आणि रोमा व लाझिओ स्टेडिओ ऑलिम्पिकोवर खेळतात. त्यांच्या आपापसातल्या लीग सामन्यात प्रवास शून्य असतो, गवत दोघांच्याही सवयीचे असते, आणि यजमानपण उरते ते फक्त तिकिटांच्या वाटणीत. ज्याचा सामना, त्याचे समर्थक जास्त. तेथेही यजमानांना फायदा मिळत असेल तर तो प्रवासाचा किंवा ओळखीच्या मैदानाचा असूच शकत नाही. एकाच स्टेडियममधल्या अशा लढतींवर झालेल्या संशोधनात फायदा टिकून असल्याचे दिसले आहे, म्हणजे दोन विरुद्ध बाजूंनी केलेले दोन हिशेब एकाच दिशेला बोट दाखवतात.

हा पडताळा स्वतः करायचा असेल तर सामन्यांची संख्या आधी मोजावी. दरवर्षी मिलान डर्बीचे लीगमध्ये दोनच सामने होतात. दहा वर्षांत वीस, आणि वीस सामन्यांच्या सरासरीची त्रुटी सुमारे ०.३८ गोल. एकट्या मिलानवरून काहीच सिद्ध होणार नाही. रोम, जेनोवा आणि इतर देशांतले एकच स्टेडियम वापरणारे संघ जोडून किमान दोन-तीनशे सामने जमले तरच ०.३ गोलांचा फायदा योगायोगापासून वेगळा ओळखता येतो.

बंद दारांचा नमुना वाढवणे त्या मानाने सोपे आहे. त्याच संकेतस्थळावर `D1` म्हणजे जर्मनी, `I1` म्हणजे इटली आणि `SP1` म्हणजे स्पेन अशा फायली आहेत, आणि वरचा कोड त्यांवर जवळजवळ तसाच चालतो. बदलायच्या त्या तारखा. बुंदेसलिगा १६ मे २०२० रोजीच पुन्हा सुरू झाली, आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला तेथे काही मैदानांवर मर्यादित प्रेक्षक होते. प्रत्येक साखळीची रिकाम्या सामन्यांची यादी तिच्या स्वतःच्या नोंदींवरून, सामन्यागणिक तयार करावी. हंगामभराला एकच शिक्का मारला तर जे वेगळे करायला बसलो तेच पुन्हा एकत्र होते.